नवरा 'प्रेम आहे' असं कधी म्हणत नाही. हा स्वभाव की दुरावा, ओळखायचं कसं?

बांधावरची

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. माहेर वर्ध्याकडचं. लग्नाला सात वर्षं झाली, मुलगी पाच वर्षांची आहे, घरात सासूबाई आहेत. आठ एकर शेती आहे, त्यात कापूस आणि तूर, आणि एक विहीर.

यांनी सात वर्षांत एकदाही 'तू मला आवडतेस' किंवा 'प्रेम आहे' असं म्हटलेलं नाही. माणूस वाईट नाही. उन्हाळ्यात रात्री नऊला स्वतः बादल्या भरून कूलरमध्ये पाणी टाकतात आणि कूलरचं तोंड माझ्या बाजूला करतात. मागच्या पावसाळ्यात मला ताप आला तेव्हा नाल्याला पाणी होतं, तरी गाडीवर बसवून तालुक्याला नेलं. मला दिसतं हे सगळं.

पण गेल्या फाल्गुनात माझे बाबा गेले. यांनी लाकडं आणण्यापासून तेराव्यापर्यंत सगळं उभं राहून केलं. माझे भाऊ लहान आहेत, त्यांना काही कळत नव्हतं. पण त्या तेरा दिवसांत आणि त्यानंतरही 'तुला कसं वाटतं' हे एकदाही विचारलं नाही. रात्री मी रडायला लागले की हे उठतात आणि गोठ्यात जातात. मी जागीच असते, ते येतात तेव्हा मी झोपले असं समजून पाठ करून पडतात.

एकदा धीर करून विचारलं, "अजी, तुमचं माझ्यावर प्रेम हाये का?" तर म्हणाले, "आता हे काय नवीन? काही कमी पडू देतो का तुले?" आणि कूस वळवली.

बहिणीचा नवरा तिला मोबाईलवर रोज काहीतरी गोड लिहून पाठवतो. मला मोबाईलवरचं नको. पण मला हे कळायला हवं की हा माणूस असाच आहे, की माझ्यापासून लांब गेला आहे. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं.

धामणगावची_आत्या

पोरी, माझं लग्न १९७१चं. आमच्या वेळी नवरा-बायको चार माणसांत एकमेकांशी बोलतसुद्धा नव्हते. यांना सीताफळं आवडायची, पण पिकलेलं पहिलं फळ ते माझ्यासाठी उतरंडीच्या मागे ठेवून जायचे. सासूच्या हाती लागू नये म्हणून. मी ते काढायचे आणि खायचे. दोघांनाही माहीत होतं, पण त्यावर एक शब्द नाही. एकोणचाळीस वर्षं संसार झाला. कूलर तुझ्याकडे फिरवतो ना, मग तेच समज.

पुसदकर_७७

आत्यांचं बरोबर आहे आणि त्याला नावही आहे. गॅरी चॅपमन नावाच्या अमेरिकन समुपदेशकाने १९९२ साली प्रेमाच्या पाच भाषा सांगितल्या: कौतुकाचे शब्द, एकत्र घालवलेला वेळ, भेटवस्तू, सेवा आणि स्पर्श. तुमच्या मिस्टरांची भाषा सेवेची आहे, तुमची शब्दांची आहे. म्हणजे ते मराठीत बोलतात आणि तुम्ही तेलुगूत ऐकता, एवढाच घोळ. तुम्ही त्यांची भाषा शिकलात की प्रश्न संपला. कूलर फिरवला की 'प्रेम आहे' असं ऐकायचं.

न्यायप्रिय

ताई, नीट विचार करा. अबोल राहणं, पाठ करून झोपणं, रात्री उठून बाहेर जाणं, ही दुसरी बाई असल्याची लक्षणं आहेत. आधी त्यांचा मोबाईल तपासा. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का ते पाहा. पोटगीचा दावा कुठे टाकायचा ते मी सांगू शकतो.

बांधावरची

न्यायप्रिय दादा, तसं काही नाही. ते गोठ्यात जातात, मी खिडकीतून पाहते. तांबड्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहतात. मला दावा टाकायचा नाही.

पुसदकर भाऊ, भाषा शिकायला मी तयार आहे. पण बाबांच्या वेळी मला सेवा नको होती. लाकडं तर गावानेही आणली असती.

मोकळी_हवा

मी इथे क्वचित लिहिते. पण 'त्याची भाषा वेगळी' हे वाचलं आणि राहवलं नाही.

मी अकरा वर्षं स्वतःला हेच सांगत होते. माझ्या नवऱ्याने घर बांधलं, दर दिवाळीला साडी आणली, माझ्या माहेरच्या लग्नात पुढे होऊन पंगती वाढल्या. लोक म्हणायचे, नशीबवान आहेस. पण आम्ही दोघंच असलो की तो माणूस नसायचाच. मी काही सांगायला लागले की टीव्हीचा आवाज वाढायचा. गर्भपात झाला तेव्हा दवाखान्याचं बिल त्याने भरलं आणि मला नणंदेने घरी आणलं. एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली की अबोला. एकदा बावीस दिवस. बावीस दिवस माझ्या हातचं जेवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही, मी माफी मागेपर्यंत. माफी कशाची, हे मला आजही माहीत नाही.

कामं तोही करत होता. म्हणून कामांवरून ठरवू नका. जी कामं चार लोकांना दिसतात, त्यावरून तर अजिबात नाही.

ताई_अमरावती

मी एकोणीस वर्षं महिला समुपदेशन केंद्रात काम केलं. आता निवृत्त आहे. तुझ्यासारखा प्रश्न घेऊन येणाऱ्या बायका खूप असायच्या. बहुतेकींना आधी कोणीतरी पुसदकरांचं किंवा मोकळी_हवाचं उत्तर देऊन मोकळं झालेलं असायचं.

पाच भाषांची कल्पना बोलायला सुरुवात करून देते, हे खरं. पण माणसाची एकच मुख्य भाषा असते आणि ती जुळली की संसार सुखाचा होतो, हा त्यातला दावा तपासणीत टिकलेला नाही. २०२४मध्ये मानसशास्त्रज्ञ एमिली इम्पेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरचं सगळं संशोधन एकत्र मांडलं. त्यांचं म्हणणं साधं आहे: लोकांना यातलं सगळंच हवं असतं, जेवणात भाकर, भाजी, वरण सगळंच लागतं तसं. तेव्हा तुला शब्द हवेत यात हट्ट नाही. 'तूच त्याची भाषा शिक' म्हणजे 'तुला भाजी मिळणार नाही, भाकरीलाच भाजी समज' म्हणण्यासारखं आहे.

आता ओळखायचं कसं. तो काय करतो यापेक्षा, तू हाक दिलीस की तो काय करतो, ते पाहा. हाक म्हणजे नावाने मारलेली हाक नव्हे. "आज वांग्याला काय भाव होता?", "पाहा ना, पोरीनं चित्र काढलं", एखादा सुस्कारा, पाण्याचा ग्लास हातात देताना क्षणभर थांबणं, या सगळ्या हाकाच आहेत. अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवीन लग्न झालेल्या जोडप्यांचं हे बारकाईने पाहिलं आणि सहा वर्षांनी पुन्हा गाठलं. जी एकत्र टिकली होती ती शंभरातल्या ८६ हाकांना वळत होती, जी विभक्त झाली ती ३३ हाकांना. वळणं म्हणजे मोठं काही नाही. नुसतं "हं, दाखव" हेही वळणंच. हा आकडा घरात मोजपट्टीसारखा लावायचा नाही. ती जोडपी अमेरिकेतली, दोघंच राहणारी. आपल्या घरात सासू त्याच खोलीत, लेकरू मध्ये झोपलेलं. माणूस चारचौघांत वळत नाही याचा अर्थ वेगळा असतो. म्हणून तुम्ही दोघंच असता ती वेळ जास्त पाहायची.

माणूस तीन प्रकारांनी वागतो. एक, वळतो. दोन, ऐकतच नाही, त्याचं लक्ष दुसरीकडे असतं. तीन, ऐकतो आणि तोंड फिरवतो, खेकसतो किंवा मुद्दाम गप्प बसतो. मोकळी_हवाने सांगितला तो तिसरा प्रकार, तोही शिक्षा म्हणून वापरलेला. माफी मागेपर्यंत चालतो तो अबोला, त्याला स्वभाव म्हणू नये.

पंधरा दिवस एक वही ठेव. रोज झोपताना चार ओळी: मी काय म्हटलं, ते तेव्हा काय करत होते, पुढे काय केलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तेव्हा वळले नाहीत तर नंतर परत आले का. ही वही भांडणात काढायची नाही, त्यांच्यासमोर मोजून दाखवायची नाही. आणि उलट बाजूच्या पानावर त्यांच्या हाका लिही. अबोल माणसाच्या हाका कामाच्या रूपात येतात, त्या बायकोला हाक म्हणून ऐकू येत नाहीत.

वऱ्हाडी_बापू

मी वाशीमकडचा. मले लिहिता येत नाई नीट, तरी सांगतो. माही बायको रडली का मी पण बाहेर जातो. काऊन जातो हे मले कोनी इचारलं नाई आजलोक. छातीत असं भरून येते, कान गरम होतेत, अन् तोंडातून जे निंगन थे वाकडंच निंगन असं वाट्टे. म्हून बैलाजवय जातो. बैलाले काई सांगा लागत नाई. लानपनी माह्या बापानं मले रडतानी पायलं तं म्हने, बाई हाय का तू? तवापासून कोनी रडलं का मले पयून जावं वाट्टे. बायकोवर राग नसते थो. तिले तसंच वाट्टे हे मात्र आज वाचून समजलं.

पुसदकर_७७

ताई, तुम्ही माझं म्हणणं थोडं टोकाला नेलंत. भाकरीलाच भाजी समजा असं मी म्हटलं नव्हतं. पण ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडून बोलण्याची अपेक्षा ठेवून वही भरायची, याने कडवटपणाच वाढेल असं मला वाटतं.

ताई_अमरावती

पुसदकर, तुमची शंका रास्त आहे. वही घेऊन काही जणी कडवट झालेल्या मी पाहिल्या आहेत. ज्यांनी उलट बाजूचं पान कोरं ठेवलं त्या जास्त. म्हणून ते पान मी सक्तीचं करते.

बापू, तुम्ही जे सांगितलं ते लाखमोलाचं. छाती भरते, कान गरम होतात, तेव्हा नाडीचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेलेले असू शकतात. त्या अवस्थेत माणसाला समोरच्याचं बोलणं नीट कळतही नाही आणि नीट उत्तरही सुचत नाही. शरीर खाली यायला कमीत कमी वीस मिनिटं लागतात. म्हणून उठून जाणं हा गुन्हा नाही. उठून गेलेला माणूस परत येऊन शेजारी बसतो का, की येतो आणि ते घडलंच नाही असं वागतो, यावर सगळं अवलंबून आहे. तुम्ही परत जाता का?

वऱ्हाडी_बापू

नाई जी. मी येतो अन् झोपतो.

धामणगावची_आत्या

ताई, माझ्या मनात एक आलं. यांनी सीताफळ ठेवलं, पण माझी आई गेली तेव्हा तेही मळ्यात जाऊन राहिले होते चार दिवस. मी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा वर मी लिहिलं ते पूर्ण नाही.

बांधावरची

सोळा दिवसांनी लिहिते आहे. वेचणी सुरू आहे, रात्री डोळे मिटतात, पण वही एकही दिवस चुकवली नाही.

पहिले चार दिवस मी जे लिहिलं ते आज वाचलं तर बरोबर वाटत नाही. 'वळले नाहीत' असं बरंच लिहिलं, आणि पाहिलं तर ते तेव्हा मोटरचा आवाज चालू असताना स्टार्टरपाशी होते, नाहीतर फोनवर व्यापाऱ्याशी बोलत होते. पाचव्या दिवसापासून मी जवळ जाऊन, तोंडाकडे पाहून बोलायला लागले. मग चित्र बदललं. दिवसाच्या साध्या हाकांना ते जवळपास नेहमी वळतात. एक लिहिते. मी वेचता वेचता म्हटलं, "हे बोंड पाहा, चारच पाकळ्या कशा फुटल्या." ते कापसाच्या तिसऱ्या ओळीत होते. पऱ्हाट्या ओलांडून आले, बोंड हातात घेतलं, म्हणाले, "याले आतून कीड हाय," आणि बोटाने फोडून अळी दाखवली. गुलाबी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. मग ते बोंड बांधाच्या पलीकडे फेकून माझ्या हाताचे ओरखडे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी हातमोजे आणले. बोलले काही नाही.

तोंड फिरवलं असं पाच वेळा झालं. पाचही वेळा रात्री. आणि आता शेजारी शेजारी वाचलं तर दोन विषय बाबांचे आहेत, दोन बँकेच्या कर्जाचे आणि एक पोरीच्या पुढच्या शाळेच्या खर्चाचा. म्हणजे मृत्यू आणि पैसा. बाकी कशालाच नाही. पाचातून एकदाही परत आले नाहीत.

आता उलट बाजूचं पान. हे लिहिताना मला जड गेलं. ओलिताची लाईन रात्री असते, त्यामुळे हे गव्हाला पाणी द्यायला अकरा वाजता विहिरीवर जातात. जाताना दर वेळी म्हणतात, "येतं का?" मी दर वेळी म्हणते, "पोरगी एकटी आहे, तुम्ही जा." सासूबाई घरात असतात, पोरगी एकटी नसते. मला वाटायचं, टॉर्च धरायला माणूस हवं असेल. सोळा दिवसांत नऊ वेळा त्यांनी हे विचारलं आणि मी आठ वेळा नाही म्हटलं.

नवव्या वेळी गेले. थंडी होती. दांडात पाणी सोडून आम्ही विहिरीच्या काठावर बसलो, त्यांनी स्वतःची घोंगडी माझ्या पायांवर टाकली. बराच वेळ फक्त मोटरचा आवाज. मग आपणहून म्हणाले, "तुह्या बाबानं मले कर्जासाठी दोनदा पैसे देल्ते. एकही वापस केला नाई मी. अन् ते गेले." मला हे माहीतच नव्हतं. बाबांनी सांगितलं नव्हतं, यांनीही नाही.

म्हणजे मी रडायचे तेव्हा त्यांना काय ऐकू येत असेल?

मोकळी_हवा

हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या वहीत विहीर नसती निघाली, हेही तितकंच खरं. कुणी आपली गोष्ट हिच्या गोष्टीवर बसवू नका.

ताई_अमरावती

फार मन लावून लिहिलंस. अंतर आहे, पण ते तुझ्यापासून नाही, दोन ठरावीक विषयांपासून आहे, आणि त्याच्या बुडाशी लाज आहे असं दिसतं. ज्याचं मन बायकोवरून उडालं तो चारच पाकळ्यांचं बोंड पाहायला तीन ओळी ओलांडून येत नाही.

पण एक विचारते, मागेच विचारायला हवं होतं. हे नेहमीपासून असेच आहेत का? लग्नाच्या पहिल्या दोन वर्षांत रात्री बोलायचे का? स्वभाव असेल तर तो पहिल्यापासून असतो. मध्येच कुठेतरी सुरू झालं असेल तर त्याला कारण असतं.

बांधावरची

नाही, नेहमी असे नव्हते. तुम्ही विचारल्यावर आठवलं. पहिल्या तीन वर्षांत बोलके नव्हते, पण भजनी मंडळात टाळ घेऊन बसायचे, घरी येताना गुणगुणत यायचे. भुलाबाईत मी बायकांसोबत गाणी म्हणत असले तर मागे उभे राहून ऐकायचे. दोन वर्षांपूर्वी बोंडअळीने निम्मा कापूस गेला, त्यानंतर मंडळात जाणं बंद झालं. टाळ अजून खुंटीला आहेत. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. जेवण अर्धं राहतं. पोरीवर कधी खेकसत नव्हते, आता खेकसतात आणि मग तिला बिस्किटाचा पुडा आणतात.

ताई_अमरावती

मग आता माझं लक्ष प्रेमावरून दुसरीकडे गेलं. पहाटेची जाग, भूक कमी, आवडीची गोष्ट सुटणं, चिडचिड, आणि हे पंधरा दिवसांहून जास्त टिकणं, ही उदासीनतेच्या आजाराची लक्षणं असू शकतात. पुरुषांमध्ये तो आजार रडण्यातून कमी आणि चिडण्यातून, गप्प होण्यातून जास्त दिसतो. बायकोला मात्र तो 'याचं माझ्यावर प्रेम उरलं नाही' असाच दिसतो. मी निदान करत नाही, ते डॉक्टर करतील. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. आधी तू फोन कर, त्यांना कसं तयार करायचं ते विचार.

आणखी एक गोष्ट आजच कर. फवारणीची औषधं घरात असतील तर कुलपात ठेव, किल्ली स्वतःकडे किंवा सासूबाईंकडे. आणि विहिरीवर बसलेले असताना सरळ विचार, "जगणं नको असं मनात येते का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणी विचारलं की माणसाला ते खाली ठेवता येतं. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नको आणि त्याच दिवशी फोन कर.

पुसदकर_७७

मी सुरुवातीला 'प्रश्न संपला' असं लिहिलं होतं. ते घाईचं होतं. माझ्या धाकट्या भावाबाबत आम्ही घरच्यांनी 'त्याचा स्वभावच असा' असंच चार वर्षं म्हटलं होतं. पुढचं लिहीत नाही. ताई, ते औषधांचं कुलूप खरंच लावा.

न्यायप्रिय

माझा अंदाज चुकला, मान्य करतो. पण सासऱ्यांकडून घेतलेल्या पैशांची काही चिठ्ठी झाली आहे का? भाऊ मोठे झाल्यावर त्यावरून घरात वाद होतात. त्यांना ते ओझं वाटत असेल तर भावांसमोर आकडा बोलून टाकणं चांगलं, असं मला वाटतं.

बांधावरची

न्यायप्रिय दादा, हे तुमचं पटलं. चिठ्ठी नाही.

ताई, आठ दिवसांनी लिहिते. औषधं कुलपात आहेत, किल्ली सासूबाईंच्या बटव्यात. त्यांना कारण सांगितलं नाही, पण त्यांनी विचारलंही नाही, त्यावरून वाटतं त्यांनाही काही दिसत असणार.

विहिरीवर विचारलं. खूप वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एकदा आल्तं मनात. पोट्टीचं तोंड आठवलं." मी हात धरून बसून राहिले. त्याच रात्री १४४१६ला फोन केला, तिकडच्या बाईंनी यांच्याशीही बोलायचा प्रयत्न केला, हे दोन मिनिटं बोलले. दुसऱ्या दिवशी यवतमाळला नेलं. गोळ्या सुरू झाल्या आहेत. डॉक्टरांनी सांगितलं की फरक पडायला काही आठवडे लागतात, मनाने बंद करू नका. हे म्हणतात, "गोयीनं कापसाचा भाव वाढते का?" पण घेतात. मी समोर उभी राहते.

रडण्याचं असं ठरवलं. मी त्यांना सांगितलं, "मी रडली तं तुम्ही जा गोठ्यात, पण वापस या, अन् माह्याजवळ बसा. बोलू नका." पहिल्या रात्री आले नाहीत. परवा आले. किती वेळाने ते पाहिलं नाही. अंगाला कडब्याचा वास होता. बसले, म्हणाले, "मले काय बोलावं समजत नाई." मी म्हटलं, "हेच बोला."

मोकळी_हवा

बरं वाटलं वाचून. पण एक विचारते, राग मानू नकोस. ते आजारी आहेत म्हणून तुझा प्रश्न मागे पडला. तू इथे आलीस ती तुला काहीतरी ऐकायचं होतं म्हणून. बाबांसाठी तू रडतेस ते अजून कोणी ऐकलंय का? सगळ्यांनी मिळून तुला त्यांची परिचारिका करून ठेवू नये, एवढंच मला वाटतं. मी अकरा वर्षं समजून घेत राहिले.

ताई_अमरावती

मोकळी_हवा बरोबर बोलली. मी तुझ्या नवऱ्याकडेच पाहत राहिले. बांधावरची, तुझ्या दुःखासाठी तुझं स्वतःचं माणूस हवं. बहिणीशी बोलतेस का? टेलिमानसवर तुझ्यासाठीही फोन करता येतो. गोळ्या लागू पडल्यावरही ते उघडतील की नाही, हे आजच सांगता येत नाही. काही जण उघडतात, काहींचा आजार जातो आणि गप्पपणा राहतो.

वऱ्हाडी_बापू

मी काल वापस गेल्तो. बायको म्हने, काय झालं, काई इसरलं का? मी म्हनलं, नाई, बसाले आलो.

बांधावरची

बहिणीशी काल तासभर बोलले, बाबांबद्दलच. दोघी रडलो.

मोकळी_हवा, नाही, मी विसरलेले नाही. तो शब्द मला हवाच आहे. त्यांनी अजून म्हटलेला नाही, आणि घोंगडीला मी तो शब्द समजणार नाही. मी पुन्हा विचारणार आहे. गोळ्यांना दीड महिना होऊ दे, तूर निघू दे, मग विहिरीवरच विचारीन. आता तिकडेच जाते आहे, लाईन आली.